सरकारला ५८ हजारांचा आहेर कसा करावा

आर्थिक वर्ष सुरू झालं की कंपनीच्या एचआरकडून एक मेल येतो: आयकर मोजायची जुनी पद्धत हवी की नवी, म्हणजे ओल्ड रिजीम की न्यू रिजीम, ते अमुक तारखेपर्यंत पोर्टलवर कळवा. हा मेल उघडू नका. सरकारला घसघशीत आहेर करायचा असेल तर सुरुवात इथूनच होते. उत्तर दिलं नाही तर कंपनीला फार विचार करावा लागत नाही. २०२३-२४ पासून नवी रिजीम हीच मूळ रिजीम आहे आणि ५ एप्रिल २०२३ च्या सीबीडीटीच्या, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या, परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की कर्मचाऱ्याने काही कळवलं नाही तर नवी रिजीम धरून टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच जाणारा कर, कापावा. कंपनी तसा कापते. तुम्ही जानेवारीत पगाराची स्लिप बघता, एचआरला फोन करता. 'सर, विंडो बंद झाली' असं उत्तर मिळतं. आता चहाच्या टपरीवर कंपनीला चार शिव्या घाला आणि विषय कायमचा संपला असं समजा.

त्याच परिपत्रकात पुढे असंही लिहिलंय की कंपनीला रिजीम कळवणं म्हणजे रिजीम निवडणं नव्हे. खरी निवड कर्मचाऱ्याने रिटर्न भरताना वेगळी करायची. हे वाक्य वाचू नका. कुणी सांगितलंच तर 'आमच्या सीएने तसं काही सांगितलं नाही' म्हणा, मग तुमचा सीए असो वा नसो.

आता आहेराची रक्कम काढू. २०२४-२५ चं वर्ष घेऊ, कारण त्याचे आकडे आता कुणाला बदलता येत नाहीत. पुढच्या वर्षी नव्या रिजीमचे टप्पे बदलले, पण आहेराची रीत तीच आहे. समजा पुण्यात तुम्हाला वर्षाला १५ लाख पगार आहे. त्यात बेसिक ६ लाख आणि घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए, ३ लाख. महिना २५ हजार भाड्याने राहता. गावी आईवडील राहतात ते घर तुमच्या नावावर आहे, त्याच्या कर्जाचं वर्षाचं व्याज २ लाख. पीएफ, पीपीएफ मिळून ८०सी या वजावटीच्या कलमाचे दीड लाख भरलेले. आरोग्य विम्याचा हप्ता स्वतःचा २५ हजार आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा ५० हजार.

नव्या रिजीममध्ये यातलं काहीच विचारात घेतलं जात नाही. ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वजा करून १४ लाख २५ हजारांवर कर लागतो. सेससकट तो होतो १ लाख ३० हजार, आणि कंपनीने तेवढा कापून सरकारजमा केला आहे. कंपनीचं काही चुकलेलं नाही.

जुन्या रिजीममध्ये मात्र हिशोब वेगळा. एचआरएची सूट तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा असते: मिळालेला भत्ता ३ लाख, वर्षाचं भाडं ३ लाख वजा बेसिकचे दहा टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि बेसिकचे चाळीस टक्के, म्हणजे पुन्हा २ लाख ४० हजार. (मुंबईत हेच पन्नास टक्के धरतात. पुण्याचं भाडं मुंबईच्या तोडीचं झालं तरी त्या वर्षी पुणे आयकराच्या लेखी मेट्रो नव्हतं.) पंधरा लाखांतून हे २ लाख ४० हजार, स्टँडर्ड डिडक्शनचे ५० हजार, व्यवसाय कराचे अडीच हजार, कर्जाच्या व्याजाचे २ लाख, ८०सी चे दीड लाख आणि विम्याचे ७५ हजार गेले की उरतात ७ लाख ८२ हजार ५००. त्यावर सेससकट कर ७१ हजार ७६०. फरक ५८ हजार २४० रुपये. हाच आपला आहेर.

तो सरकारच्याच तिजोरीत ठेवण्याची उत्तम पद्धत म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म सोळा, हे ब्रह्मवाक्य मानणं. त्याच्या भाग ब मध्ये एचआरएसमोर शून्य, ८०सी समोर शून्य. कंपनीने नव्या रिजीमचा हिशोब केला, म्हणून तिथे शून्य आहे. पण तुम्ही असं समजा की कंपनीने शून्य लिहिलं म्हणजे तुमचा हक्कच शून्य झाला. पोर्टलवरचा आधीच भरलेला रिटर्नचा फॉर्म, आयटीआर-१, सुद्धा हेच शून्य घेऊन येतो. नुसतं पुढे, पुढे, पुढे दाबत जा. दहा मिनिटांत कर देय शून्य, परतावा शून्य. सगळं जुळलं म्हणून समाधानाने लॅपटॉप बंद करा.

एखादा जाणकार सहकारी मात्र गप्प बसत नाही. तो सांगतो की फॉर्मच्या सुरुवातीलाच एक प्रश्न असतो, तिथे उत्तर बदल. प्रश्नही असा घातलाय की आपलं काम सोपं व्हावं. 'तुम्हाला कोणती रिजीम हवी' असं सरळ कुणी विचारत नाही. कलम ११५बीएसी(६) खाली नव्या रिजीममधून बाहेर पडायचंय का, असं विचारतात आणि 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं असतं. म्हणजे जुनी हवी असेल तर 'होय' म्हणायचं. बरेच जण इथेच गडबडतात. तुम्ही चुकून 'होय' दाबलंत तरी घाबरू नका, पुढची पायरी तुमच्या मदतीला आहे.

'होय' म्हटल्याबरोबर फॉर्म हिशोब नव्याने करतो, पण वजावटी अजून भरलेल्याच नसतात. पंधरा लाखांतून फक्त पन्नास हजार वजा होतात आणि जुन्या टप्प्यांनी कर येतो २ लाख ५७ हजार ४००. कापलेला टीडीएस १ लाख ३० हजार. पडद्यावर दिसतं: व्याज सोडून अजून १ लाख २७ हजार ४०० रुपये भरा. बस्स. इथेच छातीत धस्स होऊ द्या. 'जुनी रिजीम म्हणजे सापळा' असं म्हणत 'नाही' वर परत या, आणि हा अनुभव ऑफिसच्या ग्रुपवर टाका, म्हणजे आणखी चार जण आहेर करतील.

काही चिवट लोक मात्र तो आकडा बघूनही डगमगत नाहीत. पगाराच्या रकान्यात जाऊन सूट मिळणाऱ्या भत्त्यांखाली १०(१३ए) निवडतात, तिथे एचआरए, बेसिक, भाडं आणि कामाचं ठिकाण भरतात. २०२४-२५ च्या रिटर्नपासून नुसता आकडा टाकून भागत नाही, तपशील मागतात. घराच्या रकान्यात बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक, कर्जमंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम. विम्यासाठी कंपनी आणि पॉलिसी क्रमांक. ८०सी साठी खाते किंवा पॉलिसी क्रमांक. एकेक आकडा भरला की तो १ लाख २७ हजारांचा डोंगर ढासळत जातो आणि शेवटी ५८ हजार २४० परतावा दिसू लागतो. हे बघायला नको असेल तर भाडेकरार, भाड्याच्या बँक नोंदी आणि बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र आत्ताच रद्दीत घाला. कंपनीकडे पुरावे दिले नव्हते, म्हणून कागद आता हक्क सांगणाऱ्याकडेच लागतात. विभागाने विचारलं तर दाखवायचे तुम्ही, एचआर नव्हे.

यावरून स्फूर्ती घेऊन काही धाडसी मंडळी नसलेल्या घराचं भाडं आणि न दिलेली राजकीय पक्षाची देणगीही भरतात. कुठल्यातरी गल्लीतला सल्लागार ठरावीक टक्के घेऊन 'मोठा रिफंड' काढून देतो. त्यांचा मार्ग आपल्याहून उदात्त आहे. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभर अशाच खोट्या वजावटींची तपासणी मोहीम उघडली. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचं ठरलं तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट. आपण साधी माणसं, आपल्याला ५८ हजारच पुरे.

एवढं करूनही आहेर हातातून निसटत असेल तर शेवटचं आणि हमखास साधन उरतं: तारीख. पगारदाराला जुनी रिजीम फक्त मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये मिळते. मुदत नेहमीची ३१ जुलै. त्या वर्षी सरकारने ती १५ सप्टेंबर केली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून १६ सप्टेंबर. तरीही तुम्ही १७ ला भरलं, तर जुनी रिजीम गेली. वर पाच हजार विलंब शुल्क. म्हणजे आहेर ६३ हजार २४०, आणि तोही सगळी कागदपत्रं हातात असताना!

याहून तरल कलाकारी हवी असेल तर रिटर्न वेळेत भरा, पण ई-व्हेरिफाय करू नका. १० सप्टेंबरला सगळं नीट भरलं, जुनी रिजीम निवडली, आधारचा ओटीपी 'उद्या टाकू' म्हणून ठेवला. त्यासाठी तीस दिवस असतात. तुम्हाला २० ऑक्टोबरला आठवलं. मग रिटर्न भरल्याची तारीख २० ऑक्टोबर धरली जाते, म्हणजे ते उशिराचं रिटर्न, आणि उशिराच्या रिटर्नला जुनी रिजीम नाही. एका सहा आकडी ओटीपीवर ५८ हजार गमावणारे लोक मला मनापासून आवडतात.

नोकरीसोबत फ्रीलान्सिंग किंवा क्लासेसचा धंदा असणाऱ्यांसाठी खास सोय आहे. त्यांना फॉर्मातलं 'होय' पुरत नाही. मुदतीआधी १०-आयईए हा वेगळा फॉर्म भरावा लागतो. त्यातून एकदा नव्या रिजीममध्ये परत आले की धंदा असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. तेव्हा तो फॉर्म विसरा, किंवा सीएवर सोडा आणि सीएला सांगायला विसरा.

उलट प्रकरणही घडतं: कंपनीने जुनी धरून कापलं आणि तुमच्याकडे ना भाडं, ना कर्ज, ना विमा. तिथे आहेर टिकवणं फार कठीण आहे, कारण नवी रिजीम उशिराच्या रिटर्नमध्येही मिळते. अशांना रिटर्नच न भरण्याचा पर्याय उरतो.

आणि समजा, एवढं सगळं सांगूनही तुम्ही मुदतीत रिटर्न भरलं, 'होय' म्हटलं, वजावटी भरल्या, त्याच दिवशी ओटीपी टाकला. तर रिफंड बँकेत जमा होईल, वर महिन्याला अर्धा टक्का व्याज, तेही १ एप्रिलपासून. ५८ हजार २४० वर महिन्याला २९१ रुपये; ऑगस्टमध्ये आला तर पाच महिन्यांचे १ हजार ४५५. हे व्याज पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं. ते तेवढं विसरा.