रात्रपाळी, संमतीचा कागद आणि दारापर्यंतची गाडी

"ताई, मिहानमधल्या नव्या कंपनीत रात्रपाळीसाठी संमतीच्या कागदावर सही मागतायत, करू का? तुमच्या जर्मनीत पण असं लिहून घेतात का?" नागपूरहून मावसबहिणीचा मेसेज.

इथं बाईकडून वेगळं काही लिहून घेत नाहीत, गरोदर असेल तर सोडून. ती असेल तर रात्री 8 ते 10 पर्यंतचं काम तिची स्वतःची तयारी आणि डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय देता येत नाही, आणि ती तयारी ती कधीही मागे घेऊ शकते. मी लाइपझिगला एका गोदामात शिफ्टचं प्लॅनिंग बघते म्हणून हे रोजचंच.

तुझ्या कागदाचा फोटो बघितला. पहिल्या परिच्छेदात काही वावगं नाही. आपल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागतेच, पण त्याच वाक्यात पुढं सुरक्षा, छळापासून संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत गाडी पण आहे. खाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ना, "येण्याजाण्याची जबाबदारी माझी राहील", ती ओळ खोडायला लाव. तुझ्या सहीनं कंपनीची गाडीची जबाबदारी संपत नाही, पण उद्या काही झालं तर हाच कागद पुढं करतील.

काका म्हणाले, "बाईले रात्री कामाले लावणंच बेकायदा आहे, काहून सही करते?" काकांनी सगळी नोकरी हिंगणा एमआयडीसीत काढली, त्यांच्या वेळी कारखान्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना खरंच बंदी होती, म्हणून ते अर्धे बरोबर. पण 2015 मध्ये राज्यानं कारखान्यांचं ते दार अटींसह उघडलं, आणि तुझं तर ऑफिस आहे.

माझी एक मैत्रीण नागपुरातच एका कंपनीचा ट्रान्सपोर्ट डेस्क सांभाळायची, ती म्हणते सही वगैरे ठीक, आधी रूट शीट माग. समज शिफ्ट पहाटे साडेतीनला सुटली, कॅबमध्ये तुम्ही चौघं, आधी मानेवाडा, मग नंदनवन, शेवटी दिघोरी. आता दिघोरीची तू असशील तर शेवटची काही मिनिटं तू आणि ड्रायव्हर दोघंच, म्हणून एकतर रूट उलटा फिरवून शेवटचा पुरुष ठेवायचा नाहीतर गाडीत गार्ड द्यायचा. पुण्यात 2007 साली बीपीओतल्या मुलीचा जीव घेणारा तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या कॅबचाच ड्रायव्हर होता, सोबत त्याचा मित्र बसला होता, म्हणजे गाडी दिली की झालं असं नाही.

दुसरं म्हणजे ड्रॉप कोण क्लोज करतो ते बघ. गल्लीत गाडी वळत नाही म्हणून ड्रायव्हर कोपऱ्यावर सोडतो आणि स्वतःच मोबाइलवर "ड्रॉप झाला" दाबतो, शीटवर सगळं हिरवं दिसतं. तू घरात जाऊन कडी लावल्यावर तू कन्फर्म करायचं, तोवर गाडी हलायची नाही, असं असेल तर ते खरं दारापर्यंत. आणि काम लांबलं, ठरलेली कॅब निघून गेली तर काय, हेही आधीच विचार, घोळ बहुतेक वेळा तिथंच होतो म्हणे.

आता इथलं. जर्मनीतही बायका कामगारांना रात्री बंदी होती, 1992 च्या जानेवारीत घटनात्मक न्यायालयानं ती काढली, प्रकरण काय तर केक पॅक करायला बायकांना रात्री ठेवलं म्हणून बेकरीच्या कारखान्यातल्या एका बाई अधिकाऱ्यालाच दंड झाला होता. कोर्टानं म्हटलं रात्रपाळी सगळ्यांनाच अपायकारक आहे, आणि रस्त्यावर बाईला धोका आहे तर तो सरकारनं सांभाळावा, तिचं काम काढून नव्हे. त्यामुळे आज नियम रात्रीला आहेत, बाईला नाहीत: रात्रपाळीवाल्याला कामाआधी आणि नंतर निदान दर तीन वर्षांनी मालकाच्या खर्चानं तपासणी मागता येते, घरात बारा वर्षांखालचं लेकरू असेल आणि बघायला दुसरं कोणी नसेल तर दिवसपाळी मागता येते, बाप असला तरी. पण घरी सोडायला कंपनी बांधील नाही बाप्पा, मी रात्रीची बस पकडते, ती येते म्हणून चालतं. पहाटे साडेतीनला मिहानजवळच्या खापरीहून तुला ना मेट्रो ना बस, म्हणून आपली गाडीची अट मला इथल्यापेक्षा बरी वाटते, फक्त ती पुरुषांनाही द्यावी. नाहीतर खर्च एकट्या बाईच्या नावावर पडतो आणि मॅनेजर म्हणतो, मुलगाच घेऊ.

हे आईला फोनवर सांगत होते तर शेजारच्या सिस्टर मधेच, "मी वीस वर्षं खासगी दवाखान्यात नाईट केली, स्कूटीवर, आम्हाले कोणी गाडी दिली?" त्यांना वाटलं मी म्हणतेय बायकांनी रात्री जाऊच नये. तसं नाही म्हणून सांगितलं, पण दवाखान्यातल्यांनी गाडी मागितली तर पाळीला माणसंच कमी पडतील असं त्यांचं म्हणणं, आणि यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.