पिवळ्या कपाटात थिनर किती ठेवायचं?

"पिवळं फायरप्रूफ कपाट घेतलं की थिनर कितीही भरा, टेन्शन नाही. बाजूची बुचं काढून ठेवा म्हणजे वाफ निघून जाते. सांडलंच तर खाली ट्रे आहेच."
– कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसींच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज

"कितीही" हा शब्द सगळ्यात घातक आहे. कास्टिंगला प्रायमर मारायला आपण जे टोल्युइनवालं थिनर वापरतो, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो आकडा, 23 अंशांच्या खाली असतो. डब्यासोबत आलेल्या सेफ्टी डेटा शीटच्या सेक्शन 9 मध्ये तो आकडा बघा. 23 च्या खाली असेल तर आपल्या पेट्रोलियम कायद्यात ते क्लास ए. विक्रीसाठी नसलेलं क्लास ए लायसन्सशिवाय ठेवायची मर्यादा 30 लिटर आहे, तीही जागेवरच्या सगळ्या साठ्याची मिळून. पत्र्याचा एक डबा 25 लिटरपेक्षा मोठा नको आणि त्याचं बूच घट्ट हवं. म्हणजे 20 लिटरचा दुसरा भरलेला डबा आत आला की मर्यादा ओलांडली. मग तो कपाटात ठेवा नाहीतर जिन्याखाली, हिशेब तोच.

आणि कपाट "फायरप्रूफ" नसतं. दोन पत्रे आणि मध्ये साधारण दीड इंच हवेची पोकळी, एवढीच त्याची बांधणी. प्रचलित चाचणीत ते आगीत 10 मिनिटं टिकलं की पास होतं. बाहेरच्या आगीची धग आतल्या डब्यांपर्यंत उशिरा पोहोचावी आणि तेवढ्यात माणसं बाहेर पडावीत, यासाठी ते असतं.

कपाटाच्या बाजूच्या भोकांवरच्या बुचांचं तर उलटंच आहे. ती काढली की त्या पोकळीला आणि दाराच्या कुलपाला अर्थच राहत नाही. धग आत जायला आणि वाफ शॉपमध्ये यायला वाट मोकळी होते. आगीच्या दृष्टीनं कपाटाला व्हेंट लागतच नाही. वास असह्य म्हणून हवाच खेळवायची असेल, तर खालच्या बुचाला लोखंडी पाइप जोडून तो एक्झॉस्टनं इमारतीबाहेर न्यायचा. खालच्याच, कारण टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. एरवी बुचं लावलेलीच ठेवा. दार उघडल्यावर भपकारा आला तर कुठल्यातरी डब्याचं झाकण सैल आहे, आधी ते शोधा.

एका ओळखीच्या मशीन शॉपमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आठ बाय आठची, दहा फूट उंचीची स्टोअर रूम, त्यात कपाट, बुचं काढलेली, आणि एक्झॉस्ट फॅन पार छताजवळ. उभं राहिलं तर वास फारसा नाही. डबा उचलायला वाकलो आणि डोळे चुरचुरले. ती खोली साधारण 18 घनमीटरची. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर सुमारे 230 लिटर वाफ होते, आणि हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास वाफ झाली की ठिणगीनं पेट घेते. म्हणजे एका लिटरची वाफ अख्ख्या खोलीत सारखी पसरली तरी आपण त्या रेषेवर. पण ती सारखी पसरत नाही, जमिनीलगत साचते, त्यामुळे खाली त्याहून बऱ्याच कमी थिनरमध्येही भडका उडू शकतो. दाराच्या फटीतून ती सरपटत शेजारच्या ग्राइंडरपर्यंत जाते.

त्यांनी फॅन जमिनीपासून वीतभर वर घेतला. मोटर फ्लेमप्रूफ बसवली, स्विच खोलीबाहेर काढला आणि समोरच्या भिंतीत ताज्या हवेची जाळी ठेवली. तासाला निदान सहा वेळा खोलीची हवा बदलायला हवी. या खोलीला म्हणजे तासाला 110 घनमीटर, छोटा फॅनही तेवढं काढतो. जागा चुकली तर मोठा फॅनही निरुपयोगी.

ट्रेचं गणित टेपनं मोजलं. आतली लांबी 100 सेंटिमीटर, रुंदी 38, उंबरठा 5. म्हणजे काठोकाठ 19 लिटर. वर 20 लिटरचा भरलेला डबा! तो तळातून गळला तर शेवटचं लिटर दाराखालून फरशीवर येणार. सांडलेलं धरायची जागा सगळ्यात मोठ्या डब्याच्या 110 टक्के हवी, इथे 22 लिटर. शिवाय त्यांच्या ट्रेमध्ये कॉटन वेस्ट आणि ब्रश कोंबलेले होते, त्यामुळे 19 लिटरही खरे नव्हते. आता ते 5 लिटरचे चार डबे ठेवतात, ट्रे रिकामा असतो आणि खोलीच्या दाराला चार इंचांचा उंबरठा केलाय.

सांडलं तर लाकडाचा भुसा टाकू नका, तो स्वतःच जळतो. कोरडी वाळू टाका, फाउंड्रीच्या गावात ती मिळतेच. भिजलेली वाळू आणि चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून त्याच दिवशी शेडबाहेर काढा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्या बाजूला वेल्डिंग बंद.