तेवढं ते बघ ना

माझ्या मित्राने माझ्याकडे चाळीस हजार रुपये मागितले तेव्हा त्याला एकूण दीड मिनिट लागलं. त्यातही एक मिनिट मिसळीत पाव बुडवण्यात गेलं. घर बदलायचं होतं, नव्या मालकाला डिपॉझिट आधी द्यायचं होतं आणि जुन्या मालकाकडचं नंतर मिळणार होतं. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे रे," तो म्हणाला. अशा वेळी मध्यमवर्गीय मराठी माणसाने म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं, ते मी म्हटलं: "अरे, कधीही दे." त्याने ते अक्षरशः घेतलं.

मित्राचं नाव लिहीत नाही, कारण हे तो वाचणार आहे. कायद्याच्या भाषेत देणाऱ्याला धनको आणि घेणाऱ्याला ऋणको म्हणतात, तर त्याला आपण ऋणकोच म्हणू. मी धनको. वस्तुस्थिती मात्र अशी, की धन त्याच्याकडे आणि काळजी माझ्याकडे.

दोन महिने झाले, गणपती झाले, दिवाळी झाली. फराळाला तो आमच्याकडे आला, चकल्या कुरकुरीत झाल्याचं वहिनींना, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा सांगितलं आणि डबा भरून घेऊन गेला. डबाही अजून आलेला नाही, पण तो विषय मी इथे काढत नाही.

हातउसने दिलेल्या पैशांची एक गंमत असते. दिल्या दिवसापासून आपण न नेमलेले हिशेबतपासनीस होतो. ऋणकोने व्हॉट्सॲपच्या स्टेटसला अलिबागचा समुद्र टाकला. इतरांना समुद्र दिसला, मला मागचं रिसॉर्ट दिसलं. मग एअर फ्रायर आला. त्याने त्यात तळलेले, म्हणजे न तळलेले, समोसे आम्हाला खाऊ घातले. समोसा खाताना मी मनात भागाकार करत होतो: साधारण पाच हजारांचा असेल, म्हणजे माझ्या पैशांचा आठवा हिस्सा. समोशाला चव नव्हती. एरवी मी ते तोंडावर सांगितलं असतं. तीस वर्षांच्या मैत्रीत त्याच्या स्वयंपाकाची टिंगल हा माझा वारसाहक्क आहे. पण त्या दिवशी मी "छान झालेत" म्हणालो. पैसे अडकले की पहिली बंद पडते ती टिंगल, आणि टिंगल बंद पडली की मैत्रीत उरतं ते नुसतं सौजन्य.

त्यांचं नवं घर पाहून परत येताना बायको गाडीत म्हणाली, "भाऊजींचा हॉल मोठा आहे ना? त्यातला थोडा आपलाच म्हणायचा."

मग मी सूचक बोलण्याचा मार्ग धरला. हा मार्ग सगळेच धरतात आणि तो कुठेच जात नाही. चहा पिताना मी सुस्कारा टाकून म्हणालो, "या महिन्यात जरा ओढाताण आहे रे. गाडीचा इन्शुरन्स, पोराची फी, सगळं एकदम आलंय." ऋणकोने कप खाली ठेवला. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "अरे, मग आधी नाही का सांगायचं? माझ्याकडे आत्ता नाहीयेत, पण थांब, माझ्या मेव्हण्याला विचारतो. किती पाहिजेत?" माझे पैसे बुडाले नव्हते, पण आता त्याच्या मेव्हण्याचं कर्ज माझ्या डोक्यावर येऊ घातलं होतं. ते थांबवण्यासाठी मला पुढचा अर्धा तास "तसं काही नाही, मजेत चाललंय" हे पटवून द्यावं लागलं.

कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी उधारीचा विनोद टाकला, तेव्हा मी मुद्दाम त्यावर अंगठा दिला. ऋणकोने माझ्या आधीच तीन हसरे चेहरे टाकले होते.

यंत्राने आपल्या वतीने मागावं, अशीही एक आशा होती. पूर्वी यूपीआयवरून समोरच्याला पैशांची 'रिक्वेस्ट' धाडता यायची. व्यक्ती-व्यक्तींमध्ये एका वेळी दोन हजारांपर्यंतच, म्हणजे चाळीस हजारांसाठी वीस वेळा टिंग वाजवावी लागली असती. पण ठगांनी त्या सोयीचा इतका गैरवापर केला, की ऑक्टोबर २०२५ पासून ती व्यक्ती-व्यक्तींसाठी बंदच झाली. ठग लोकांकडून बिनदिक्कत पैसे मागत होते आणि मला स्वतःचेच मागवेनात.

आमच्या इमारतीत एक निवृत्त वकील राहतात. "एका ओळखीच्या माणसाचं विचारतोय," असं म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी तोच माणूस असल्यासारखं. मग त्यांनी १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातलं सांगितलं. उसने दिलेले पैसे कोर्टात मागायचे तर मुदत तीन वर्षांची. आणि "कधीही दे" किंवा "मागेन तेव्हा दे" म्हणून दिले असतील, तर ही तीन वर्षं मागितल्या दिवसापासून मोजत नाहीत, दिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे मी संकोच करत बसलो होतो, तेव्हा घड्याळ चालूच होतं. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं असल्याचं सही करून लेखी मान्य केलं, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. चहाच्या टपरीवरचं तोंडी "देतो रे" तिथे कामाचं नाही. "आणि तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला सांगा," ते म्हणाले, "पुढच्या वेळी पैसे पाठवताना शेऱ्यात निदान 'हातउसने' एवढं लिही." मी शेऱ्यात 'नव्या घरासाठी' लिहून पुढे लाल हृदय काढलं होतं. ते कोर्टात आहेर म्हणून शोभलं असतं.

कोर्टात अर्थातच कुणाला जायचं होतं! मला अशी व्यक्ती हवी होती, जी दर महिन्याला ओळखीच्यांकडून पैसे मागते आणि तरीही तिला हळदीकुंकवाची बोलावणी येतात. ती व्यक्ती दुसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या इमारतीतली भिशी चालवणाऱ्या काकू. वीस बायका, दर महिना दोन हजार, आणि आजवर एकीचाही पैसा अडकलेला नाही.

काकूंनी मटार सोलता सोलता मला जे सांगितलं, ते कुठल्याही वसुली अधिकाऱ्याने लिहून घ्यावं. पहिली गोष्ट वेळेची. तारीख उलटली की आठवड्याच्या आत विचारायचं. "तेव्हा विचारलं तर ती आठवण असते. सहा महिन्यांनी विचारलं की तोच आरोप होतो. तुझा आता आरोप झालाय, त्यामुळे आवाज मऊ ठेव." विचारायचं तेही पगाराच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, हप्ते कापले जायच्या आत. विसाव्या तारखेला मागणं म्हणजे नकारच मागून घेणं. बायकामुलांसमोर नाही, चारचौघांत नाही, आणि हसत हसत तर मुळीच नाही. "विनोद केलास की तोही विनोदच करणार. मग पुढच्या वेळी खरं मागितलंस तरी त्याला हसूच येईल."

दुसरी गोष्ट कारणाची. "आपलेच पैसे मागताना आपली गरज कशाला सांगायची? इन्शुरन्सचं सांगितलंस ना? मग तो इन्शुरन्सबद्दल बोलला. पैशांबद्दल कुठे बोलला?" आकडा स्वच्छ सांगायचा. 'ते तेवढं' म्हणायचं नाही, चाळीस हजार म्हणायचं. आणि प्रश्न असा विचारायचा, की ज्याचं उत्तर हो-नाही नसून तारीख असेल. 'देशील का' विचारलं तर तो 'देतो ना' म्हणतो, दोघंही खूश होतात आणि पैसे तिथेच राहतात. एकदम जमणार नसतील तर वाट आपणच काढून द्यायची, कारण पूर्ण रक्कम हातात नाही म्हणूनच माणूस तोंड चुकवतो.

"आणि विचारून झालं की गप्प बसायचं," काकूंनी शेंग माझ्याकडे रोखून सांगितलं. "हे सगळ्यात अवघड. समोरचा दोन क्षण बोलला नाही की आपणच घाबरून 'घाई नाही हं' म्हणतो. झालं, सगळं मुसळ केरात."

एक तारखेला सकाळी मी मेसेज लिहिला. आधीच्या मसुद्यात तब्येतीची चौकशी, क्रिकेट आणि पावसाचं मान होतं. काकूंना स्मरून ते सगळं खोडलं. उरलं ते असं: 'डिपॉझिटसाठी दिलेले ४०,००० कसे परत करायचे ते ठरवू या का? एकदम जड जात असतील तर महिन्याला ५,००० चालतील. कुठल्या तारखेपासून सुरू करतोस?' पाठवला आणि फोन उशीखाली ठेवला. मग काढून पाहिला. दोन निळ्या खुणा. वर 'टायपिंग' उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. बोटं 'घाई नाही'कडे इतकी धावत होती, की मी शेवटी फोन बायकोच्या हातात दिला आणि कांदा चिरायला बसलो.

त्याने फोनच केला.

"तू विचारत का नव्हतास रे?" हे त्याचं पहिलं वाक्य. वर आवाज चढवून! मग सगळं बाहेर आलं. तो विसरलेला नव्हताच. दिवाळीच्या फराळाला पायऱ्या चढताना त्याच्या पोटात गोळा आला होता. मी काही बोलत नाही म्हणजे आतून चिडलोय, अशी त्याची खात्री होती, आणि मी समोशांना छान म्हणालो तेव्हा ती पक्की झाली. मेव्हण्याकडून तो पैसे काढणार होता ते खरं तर मला परत करायला. अलिबागचा खर्च त्याच्या कंपनीचा होता. एअर फ्रायर मेव्हण्याने दिलेला. माझा सगळा भागाकार वाया गेला.

आणि जुन्या घराचं डिपॉझिट? ते अजून मिळालंच नव्हतं. मालक रंगकामाचे पैसे कापणार म्हणतो, किती ते सांगत नाही, आणि हा विचारत नाही. "चांगला माणूस आहे रे, काकांसारखा. कसं मागायचं?"

फोन चालू असतानाच त्याने नेट बँकिंगवर माझ्या नावाने स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाकली: दर महिन्याच्या दोन तारखेला पाच हजार, आठ महिने. ही युक्ती काकूंनाही ठाऊक नव्हती. त्यात दर महिन्याला मागावंही लागत नाही आणि त्याला द्यावंही लागत नाही, बँक आपसूक उरकते. पहिला हप्ता आला त्या दिवशी मी त्याला समोशांबद्दलचं खरं मत कळवलं. त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही.

त्याच्या घरमालकासाठी मी त्याला काकूंचा सगळा धडा पढवला: एक तारीख, आकडा स्वच्छ, कारण नाही, प्रश्न तारखेचा. रविवारी रात्री त्याचा फोन आला.

"सगळं तू सांगितलंस तसंच बोललो. सत्तर हजार म्हणालो, रंगाचं बिल दाखवा म्हणालो, तारीख विचारली."

"मग?"

"मग ते गप्प बसले रे. खूप वेळ."

"आणि तू?"

"मी म्हटलं, काका, घाई नाही."