किकने चालू, सेल्फने नाही: दोष बॅटरीचाच का?

"गाडी पहिल्या किकमध्ये चालू होते, सेल्फ मात्र लागत नाही, म्हणजे बॅटरी गेली. बटण दाबल्यावर नुसता टक आवाज येतो, हाच पुरावा. नवी बॅटरी टाकली की सेल्फ लागतो, मग आणखी तपासायचं काय?"

किकवरून एवढंच कळतं की पेट्रोल आणि ठिणगी जागेवर आहेत. इंजिन फिरवायचं काम तेव्हा तुमचा पाय करतो. सेल्फ मोटर तेच काम बॅटरीच्या जोरावर करते आणि त्या दोन क्षणांत कित्येक अँपिअर ओढते. तो करंट बॅटरीतून निघून टर्मिनल, बटण दाबल्यावर हा मोठा करंट जोडणारा रिले आणि मोटर ओलांडून इंजिनाच्या अर्थिंगवाटे परत येतो. या वाटेवर कुठेही अडलं तरी किक चालेल आणि सेल्फ बसेल. कमजोर बॅटरी ही त्यातली एक शक्यता, आणि बऱ्याचदा खरीही असते. पण सिद्ध मात्र झालेली नसते.

'टक' हा पुरावा तर उलट्या बाजूचा निघू शकतो. बटण दाबून धरल्यावर टकटकटक असा भराभर आवाज येत असेल, तर रिले ओढला जातो, लोड येताच व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. हे लक्षण दमलेल्या बॅटरीचं किंवा सैल, गंजलेल्या टर्मिनलचं. एकच ठाम टक आणि पुढे शांतता असेल, तर रिलेची कॉइल काम करतेय, पण मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाहीये. तेव्हा संशय रिलेचे जळलेले काँटॅक्ट, जाड केबल, अर्थिंग किंवा खुद्द मोटरवर घ्यावा. आणि आवाजच नसेल, तर आधी फ्यूज बघा, मग ब्रेक दाबल्यावर मागचा ब्रेक लाइट लागतो का ते बघा. बऱ्याच स्कूटरमध्ये ब्रेक स्विचमधून गेल्याशिवाय रिलेला करंटच मिळत नाही.

कानावर भरवसा नसेल तर मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि गाडी मेन स्टँडवर लावा. मोजायचं ते बटण दाबलेलं असताना. नुसते १२.६ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी निर्दोष ठरत नाही; लोडशिवाय म्हातारी बॅटरीही तेवढं दाखवते. पिना थेट बॅटरीच्या खांबांवर टेकवा, स्क्रूखालच्या केबलच्या लगवर नको. बटण दाबताच आकडा ८-९ वर आला तर बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तेव्हाही तसाच घसरला आणि मोटर अडकलेली नसेल, तर बॅटरी बदला. पण आकडा १२.४ वर स्थिर राहिला आणि मोटर गप्प, तर बॅटरीकडून कोणी करंट मागतच नाहीये. तिला का बदलायचं?

अशाच एका स्कूटरचं उदाहरण घ्या: एकच टक, खांबांवर १२.४, बटण दाबूनही जवळपास तेवढेच. आता पिना रिलेच्या दोन जाड टोकांवर लावल्या. बटण सोडलेलं असताना तिथे १२ च्या आसपास दिसणं बरोबर; दाबल्यावर तो आकडा जवळजवळ शून्य व्हायला हवा. तसा झाला, म्हणजे रिले निर्दोष. (१२ च राहिला असता तर काँटॅक्ट जळलेले.) मग एक पिन बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. या गाडीत बटण दाबल्यावर ९ दिसले. इंजिनाला जोडलेल्या काळ्या केबलचा बोल्ट सैल होता आणि त्याखाली हिरवट गंज होता. बॅटरीची ऋण केबल आधी काढून तो पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला, केबल परत लावली; सेल्फ लागला. इथेही शून्य आलं असतं तर उरली असती जाड केबल नाहीतर मोटर, बहुधा तिचे कार्बन ब्रश.

राहिला नव्या बॅटरीचा युक्तिवाद. बॅटरी बदलताना टर्मिनलचे स्क्रू निघतात, लग पुसले जातात, स्क्रू पुन्हा नीट कसले जातात. म्हणजे दोन दुरुस्त्या एकाच वेळी झाल्या आणि श्रेय एकीलाच मिळालं. जुनी बॅटरी परत द्यायच्या आधी तिचीच टर्मिनलं घासून, कसून एकदा बटण दाबा. नवी बॅटरीही काही दिवसांत उतरली, तर इंजिन चालू ठेवून थोडा थ्रॉटल द्या आणि खांबांवर मोजा. तिथे साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२ च्या पुढे काटा सरकतच नसेल, तर दोष चार्जिंगचा आहे आणि तिसरी बॅटरीसुद्धा तशीच उतरेल.

हे सगळं वेगळी स्टार्टर मोटर आणि रिले असलेल्या स्कूटरसाठी. ज्यांत मॅग्नेटोच मोटर म्हणून आवाज न करता इंजिन फिरवतो, त्यांची मांडणी वेगळी. तिथे या रिलेच्या चाचण्या लावू नका.