आठवड्याला तीन तास गाणी ऐकणाऱ्याने पैसे भरावेत का?

माझ्या ओळखीतले बरेच जण आठवड्याकाठी जेमतेम तीन तास गाणी ऐकतात, पण ॲपचे पैसे मात्र वर्षभर भरतात. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला साधारण तेरा तास. वर्गणी महिना १५० रुपये धरली, तर ताशी साडेअकरा रुपये पडतात. रोज तीन तास ऐकणाऱ्याला तोच तास दोन रुपयांच्या आत मिळतो. साडेअकरा रुपये परवडत नाहीत असे नाही. त्यांच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, हा माझा प्रश्न आहे.

आवाजाचा दर्जा हे त्याचे उत्तर, असे मला वाटत नाही. स्पॉटिफायवर फुकट ऐकताना १६० केबीपीएसपर्यंतचा दर्जा मिळतो, आणि स्वयंपाक करताना ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्याला त्यापुढचा फरक क्वचितच जाणवतो. जुने नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला तर नाहीच, कारण ७८ आरपीएमच्या तबकडीवरची खरखर वर्गणी भरल्याने जात नाही.

खरा फरक पडतो तो तुम्ही काय ऐकता यावर. तीन-चार मिनिटांच्या गाण्यांमध्ये जाहिरात आली तर आपण वैतागतो, पण गाणे शाबूत राहते. यूट्यूबवर तासाभराची मैफल लावली, तर ऐन विलंबित रंगात आले असताना साबणाची जाहिरात मध्येच घुसू शकते. शिवाय तिथे फुकट ऐकताना फोनची स्क्रीन बंद केली की संगीतही थांबते. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने, तास कमी असले तरी, पैसे भरण्याचा विचार जरूर करावा. भावगीते आणि चित्रपटगीते ऐकणाऱ्याला माझ्या मते फुकटचा प्लॅन पुरेसा आहे.

दुसरे कारण प्रवासाचे. गणपतीला कोकण रेल्वेने निघालात, तर रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि त्याच्या आगेमागचे बोगदे नेटवर्क टिकू देत नाहीत. तेथे डाउनलोड केलेली गाणीच कामी येतात आणि ती सोय सहसा वर्गणीदारालाच असते. मात्र ही गाणी आपल्या मालकीची होत नाहीत; वर्गणी संपली की फोनमध्ये असूनही ती वाजत नाहीत.

मी तेवढ्या एका महिन्यापुरते पैसे भरतो आणि त्याच दिवशी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्गणी रद्द करतो. मोठ्या ॲपांवर रद्द केल्यानंतरही भरलेला महिना पुरता वापरता येतो. केवळ ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. ‘पहिले तीन महिने मोफत’ घेणारे नेमके येथेच फसतात, कारण त्या वेळी दिलेली ऑटोपेची परवानगी तशीच चालू राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती येतेही, पण इतर मेसेजांच्या गर्दीत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तेव्हा यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी एकदा उघडून पाहावी.