रात्री बेडरूमचं दार लावून झोपा, आणि लावायचं म्हणजे खटका बसेपर्यंत

आपल्याकडे बेडरूमचं दार रात्री उघडंच असतं. मुलं घाबरतात, आजींना रात्री हाक मारावी लागते, वारा खेळता राहतो, अशी कारणं असतात आणि ती खरीही असतात. एसी चालू असेल तरच दार लागतं, तेही वीजबिलासाठी. माझं स्पष्ट मत आहे की घरात आग लागली तर माणूस वाचण्यात या एका दाराचा वाटा फार मोठा असतो, आणि यासाठी खर्च जवळपास शून्य आहे. का, ते नीट सांगतो.

एक साधा टू बीएचके फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. हॉलमध्ये फोमचा सोफा, त्याच्या बाजूला रात्रभर चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी. हॉलमधून छोटा पॅसेज, आणि पॅसेजमध्ये दोन बेडरूमची समोरासमोर दारं. एका खोलीत आई-वडील झोपलेत आणि दार उघडं आहे. दुसऱ्या खोलीत मुलं आहेत आणि दार लागलेलं आहे. रात्री अडीच वाजता बॅटरी पेटते आणि सोफ्याला धरते.

फोम हळूहळू धुमसत बसत नाही, भराभर पेटतो आणि दाट काळा धूर सोडतो. गरम धूर सरळ वर जातो, छताला आपटतो आणि छताखालून चहूकडे पसरायला लागतो. हॉलचं छत भरलं की थर जाड होत खाली उतरतो. तो दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत आला की पॅसेजमध्ये ओतायला लागतो आणि तिथून जे दार उघडं असेल तिथे शिरतो. उघड्या दारात त्या क्षणी दोन प्रवाह चालतात: वरच्या अर्ध्या भागातून गरम धूर खोलीत येतो आणि खालच्या अर्ध्या भागातून खोलीतली थंड, स्वच्छ हवा बाहेर आगीकडे ओढली जाते. म्हणजे उघडं दार धुराला आत घेतं आणि आगीला हवाही पुरवतं. त्यात सीलिंग फॅन फुल स्पीडवर असेल तर छताखाली तरंगणारा धूर तो घुसळून थेट पलंगापर्यंत आणतो.

आता मुलांच्या खोलीकडे बघू. नेहमीचं तीन फूट बाय सात फूट दार घेतलं तर उघड्या दाराचं क्षेत्रफळ सुमारे 1.9 चौरस मीटर होतं. तेच दार बंद केल्यावर काय उरतं? बाजूंना आणि वर साधारण 3 मिलिमीटर फट आणि खाली साधारण 10 मिलिमीटर. सगळ्या फटी एकत्र मोजल्या तर होतात जेमतेम 240 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डांएवढी जागा. धुराला येण्याची वाट जवळपास ऐंशीपट लहान झाली. शिवाय सगळ्यात मोठी फट आहे ती खाली, आणि सुरुवातीला धूर असतो वर. म्हणून पहिली मोलाची मिनिटं त्या फटीतून धूर फारसा येत नाही.

धूर फटीतून झिरपतो हे खरंच आहे, पण उष्णता आत यायला दुसरा मार्गच उरत नाही. लाकूड उष्णता फार हळू वाहून नेतं. 35 मिलिमीटरच्या भरीव फ्लश डोअरची एक बाजू काळी पडून कोळसा होत असते तेव्हा आतली बाजू हाताला फक्त कोमट लागते. वर तयार झालेला कोळशाचा थरच आतल्या लाकडाला काही काळ राखतो. लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर या वेगाने जळत आत जातं. दार मात्र मधोमध जळून पडत नाही. ते आधी वरच्या कडेला, लॅचच्या भोकापाशी आणि बिजागऱ्यांपाशी हार मानतं, म्हणून पूर्ण जाडीचा हिशेब धरू नका. हातात काही मिनिटं मिळतात, आणि रात्री अडीच वाजता तीच हवी असतात.

अमेरिकेतल्या यूएल संस्थेच्या अग्निसुरक्षा संशोधकांनी खरी घरं पेटवून ही तुलना केली आहे. त्यांच्या मोजमापात उघड्या दाराच्या खोलीत तापमान 1000 फॅरनहाइटच्या वर गेलं, म्हणजे सुमारे 540 अंश सेल्सिअस. बंद दाराच्या खोलीत ते सरासरी 100 फॅरनहाइटच्या आत, म्हणजे 38 अंशांच्या खाली राहिलं. दोन्ही खोल्यांमध्ये फरक होता फक्त एका दाराचा. त्यांच्याच म्हणण्यानुसार चाळीसेक वर्षांपूर्वी घरातून निसटायला साधारण 17 मिनिटं मिळायची, आता जेमतेम 3. कारण घरातल्या वस्तू. तेव्हा लाकूड आणि कापूस जास्त होता, आता फोम आणि प्लास्टिक.

जळून मरण्यापेक्षा धुराने मरणाऱ्यांची संख्या जास्त असते, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण लोकांना पटत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. झोपेतला माणूस वासाने उठेलच याचा भरवसा नसतो. तो गुंगीतून थेट बेशुद्धीत जातो, ठसका लागतो तोपर्यंत पायात बळ उरलेलं नसतं.

9 जानेवारी 2022 रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागात 19 मजली इमारतीत एका फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक हीटरमुळे आग लागली. आग त्या फ्लॅटपुरती आणि बाहेरच्या पॅसेजपुरती राहिली. तरीही 17 माणसं गेली, त्यात आठ मुलं होती, आणि सगळी धुराने गेली. फ्लॅटचं दार आपोआप बंद व्हायला हवं होतं, ते उघडंच राहिलं, आणि धूर जिन्यातून वर चढला. आपल्या इमारतींनाही हे जसंच्या तसं लागू आहे: बाहेर पळताना फ्लॅटचं मुख्य दार ओढून लावा. वरच्या मजल्यांवरच्या माणसांचा जिना त्यावर अवलंबून असतो.

आता घरातल्या दाराकडे नीट बघा, कारण इथेच सगळं फसतं. दार नुसतं लोटून ठेवलं असेल तर त्याचा उपयोग नाही. आग भडकली की हवेचा दाब वाढतो आणि लोटलेलं दार ढकललं जातं. खटका चौकटीत बसला पाहिजे. बऱ्याच घरांत बेडरूमला फक्त आतून कडी असते, मुठीचं लॅच नसतंच. लहान मुलं किंवा वयस्क माणूस असलेल्या खोलीला आतून कडी लावणं चूक आहे, कारण बाहेरून कोणी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. अशा दाराला खटक्याचं लॅच बसवून घ्या, दोन्ही बाजूंनी मुठीने उघडेल असं. सुताराचं तासाभराचं काम आहे.

पावसाळ्यात दार फुगतं, चौकटीत बसत नाही, आणि मग सुतार रंधा मारतो. जूनमध्ये जास्त रंधा मारला की नोव्हेंबरमध्ये फट दुप्पट होते. वरच्या कडेची फट सगळ्यात घातक, तिथे पेन्सिल आरपार जात असेल तर पट्टी मारून घ्या. दारावर टांगलेला टॉवेल, दारात अडकवलेला डोअरस्टॉपर, दाराऐवजी लावलेला पडदा, हे सगळं त्या रात्री दार उघडं असण्यासारखंच आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत दाराच्या वर जाळीचा झरोका असतो. धूर पहिला तिथूनच येतो. तो काचेने किंवा प्लायने बंद करा.

बाथरूममध्ये जाऊन लपायचं, हा सल्ला अनेक जण देतात. मी देणार नाही. आपल्याकडच्या बाथरूमची दारं बऱ्याचदा पीव्हीसीची असतात, आणि पीव्हीसी साधारण 80 अंशांलाच मऊ पडतं. ते दार वाकलं की संपलं. वर बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर तो खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि दाराच्या फटीतून धूर आत ओढतो. झोपताना तो बंद ठेवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याची भीती नाही.

बंद दाराच्या दोन मर्यादा आहेत आणि त्या लपवून हा सल्ला देणं बरोबर नाही. पहिली: आग बेडरूममध्येच लागली, म्हणजे उशीखाली चार्जिंगचा मोबाइल, पलंगाखालची मच्छर कॉइल, एक्स्टेंशन बोर्डवर हीटर, तर दार आतल्या माणसाला वाचवत नाही, फक्त बाकी घराला वाचवतं. दुसरी: दार आवाजही अडवतं. हॉलमधल्या स्मोक अलार्मचा आवाज बंद दाराआड झोपलेल्याला ऐकू येईल याची खात्री नाही. म्हणून बॅटरीवरचे अलार्म पॅसेजमध्येही हवेत आणि प्रत्येक बेडरूममध्येही. शक्य असेल तर एक वाजला की सगळे वाजतील असे एकमेकांना जोडलेले घ्या. छताला लावा, फॅनच्या पात्याच्या टोकापासून किमान 90 सेंटिमीटर दूर, आणि गॅसच्या शेगडीपासून किमान 3 मीटर. फोडणीच्या धुराने रोज वाजणारा अलार्म लोक काढून ठेवतात. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा आणि दहा वर्षांनी बदला.

अलार्म वाजला किंवा धुराचा वास आला तर उठून घाईने दार उघडू नका. हाताची पालथी बाजू आधी दाराला वरच्या बाजूला लावा, मग मुठीला. थंड असेल तर खाली वाकून, खांदा दाराला टेकवून बोटभर उघडा. बाहेर धूर नसेल किंवा वरच्या वरच असेल तर गुडघ्यांवर रांगत निघा आणि निघताना मागे दार लावा. गरम लागलं किंवा फटीतून धूर दिसला, तर दार उघडायचं नाही. चादर किंवा टॉवेल भिजवून खालच्या फटीत घट्ट कोंबा, फॅन बंद करा, आणि मग खिडकी थोडी उघडा. हा क्रम पाळा: फट आधी, खिडकी नंतर. फट मोकळी असताना खिडकी उघडली तर त्या वाऱ्याने धूर आत ओढला जाऊ शकतो. बाहेर खालून धूर येत असेल तर खिडकी बंदच ठेवा. 101 किंवा 112 वर फोन करा, मजला आणि कुठल्या बाजूची खोली ते सांगा, आणि खिडकीतून मोबाइलचा टॉर्च हलवत राहा. खिडकीला पक्की वेल्डिंग केलेली ग्रील असेल तर तिचा एक भाग आतून उघडणारा करून घ्या. नाहीतर दाराने मिळवून दिलेली मिनिटं ग्रीलपाशी वाया जातात.

मुलांच्या खोलीबद्दल सगळ्यात जास्त विरोध होतो: "रडली तर ऐकू येणार नाही." बेबी मॉनिटर घ्या, किंवा मूल अगदी लहान असेल तर आपल्याच खोलीत, बंद दाराआड झोपवा. वयस्क माणसांसाठी साधी वायरलेस बेल पुरते, बटण उशाशी आणि घंटी तुमच्या खोलीत. उन्हाळ्यात वारा हवाच असेल तर बाहेरची खिडकी उघडी ठेवा आणि दार बंद करा. थोडं गरम होईल हे मान्य आहे. आणि ई-स्कूटरची बॅटरी रात्री हॉलमध्ये, बाहेर पडायच्या वाटेवर चार्ज करू नका. आज रात्री झोपायच्या आधी फक्त एवढं करून बघा: बेडरूममध्ये उभे राहा, दार लावा, खटका वाजतो का ते ऐका, आणि मग बाहेरून कोणाला तरी हाताच्या तळव्याने ढकलायला सांगा.