'वरील तक्ता पाहा' म्हणे! कुठला तक्ता?

रात्रीचे साडेअकरा. समोर गेम थिअरीचा जुना प्रश्नसंच, आणि त्यात हे वाक्य: 'वरील तक्त्यातील खेळाचे सर्व नॅश समतोल काढा.' नॅश समतोल म्हणजे अशी स्थिती, जिथून एकट्याने आपला डाव बदलून कुणाचाच फायदा होत नाही. वर बघते तर पांढरी जागा. कोपऱ्यात तुटक्या चित्राची ती बारीकशी खूण, आणि तिच्या शेजारी लिहिलंय `image3.png`. बास. फाईल हलकी करायची म्हणून कुणीतरी सगळी चित्रं उडवली आणि प्रश्न मात्र जसेच्या तसे ठेवले. अहो, खेळच त्या चित्रात होता! दोन खेळाडू, प्रत्येकाला दोन पर्याय, चार चौकोन, आठ आकडे. ते काढल्यावर मागे उरतं काय? 'दोन माणसं आहेत, ती काहीतरी करतात, त्यांचं काय होईल ते सांगा.'

आणि वर कुणीतरी ऐकवणारच की गणितज्ञ जॉन नॅशने 1950 मध्येच सिद्ध केलंय, असा मर्यादित पर्यायांचा खेळ असेल तर समतोल असतोच. असतो हो, कबूल! कुठे असतो ते तक्त्याशिवाय नॅशलाही सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, जाऊ दे, मागे उत्तरं दिली आहेत, तिथे बघू. तर उत्तर (अ): 'शुद्ध समतोल असल्यास ते आकृतीत वर्तुळाने दाखवले आहेत.' आकृतीत! जी तुम्ही उडवलीत तीच आकृती! 'असल्यास' हा शब्द लिहिणाऱ्याला तर मी हात जोडते. शुद्ध समतोल, म्हणजे दोघेही एकेकच पर्याय ठामपणे धरून बसतात तो, आहे का नाही एवढं तरी सांगायचं होतंस, बाबा. उत्तर (ब) तेवढं शब्दांत होतं म्हणून बचावलं, मिश्र समतोलाचं, म्हणजे जिथे खेळाडू ठरावीक संभाव्यतेने पर्याय मिसळून खेळतात: पहिला खेळाडू U ही ओळ 2/5 संभाव्यतेने खेळतो, दुसरा L हा स्तंभ 3/4 संभाव्यतेने. उरलेल्या वेळी पहिला D ही ओळ, दुसरा R हा स्तंभ. सरासरी पेऑफ, म्हणजे मिळकत, पहिल्याला 3/4, दुसऱ्याला 6/5.

मित्राला फोन केला. तो एकदम खुशीत. 'अगं, उत्तर आहे ना? मग उलटं जाऊन तक्ता बनव की. दहा मिनिटांचं काम.' आणि खरंच दहा मिनिटांत त्याने तक्ता पाठवला. साफ चुकीचा. चूक नेहमीचीच: पहिल्याचे 2/5 त्याने पहिल्याच्याच पेऑफमधून बसवले. अरे, मिश्र डावपेचात माणूस स्वतःच्या संभाव्यता स्वतःच्या फायद्यावरून ठरवत नाही. पहिला 2/5 खेळतो तो दुसऱ्याला L आणि R सारखेच वाटावेत म्हणून. म्हणजे 2/5 येतो दुसऱ्याच्या आकड्यांतून, आणि दुसऱ्याचे 3/4 पहिल्याच्या आकड्यांतून. त्याच्या तक्त्यात आकडे परत घालून पाहिले, तर पहिल्याची संभाव्यता 3/4 आली आणि दुसऱ्याची 2/5. बरोब्बर अदलाबदल. अशी अदलाबदल दिसली की समजायचं, समीकरणं भलत्याच माणसाच्या नावावर मांडलीत.

मग मीच बसले. L 3/4 वेळा आणि R 1/4 वेळा येत असताना पहिल्याला U आणि D सारखेच वाटायला हवेत. म्हणजे L मध्ये U ने जेवढा फायदा होतो, त्याच्या तिप्पट फायदा R मध्ये D ने व्हायला हवा. धरा 1 आणि 3. दुसऱ्याचं तसंच: U 2/5 वेळा, D 3/5 वेळा, म्हणून U वर L चा फायदा 3 आणि D वर R चा फायदा 2. बाकीच्या जागी शून्यं टाकली, झाला तक्ता, प्रत्येक चौकोनात आधी पहिल्याचा पेऑफ, मग दुसऱ्याचा:

```
      L      R
U    1,3    0,0
D    0,0    3,2
```

तपासलं. पहिल्याला U ने 3/4 × 1 मिळतात, D ने 1/4 × 3, दोन्ही 3/4. दुसऱ्याला L ने 2/5 × 3, R ने 3/5 × 2, दोन्ही 6/5. जमलं! शुद्ध समतोल दोन, (U, L) आणि (D, R). मिश्र धरून एकूण तीन. क्षणभर मला वाटलं, जिंकले.

आणि तिथेच डोक्यात किडा वळवळला. पहिल्याचे आकडे तसेच ठेवले आणि फक्त दुसऱ्याची आवड उलटी केली तर?

```
      L      R
U    1,0    0,3
D    0,2    3,0
```

आता दुसऱ्याला L ने मिळतात 3/5 × 2, म्हणजे 6/5. R ने 2/5 × 3, पुन्हा 6/5. पहिल्याचं काहीच बदललं नाही. तेच 2/5, तेच 3/4, पेऑफसुद्धा तेच! पण खेळ भलताच. (U, L) वर उभे राहिलात तर दुसरा R कडे पळतो. मग पहिला D वर जातो, मग दुसरा परत L वर, मग पहिला परत U वर. गोल गोल फिरत राहा, कुणी कुठे टिकत नाही. शुद्ध समतोल एकही नाही. एकूण समतोल एकच, तो मिश्र.

म्हणजे हातातल्या उत्तराला दोन्ही तक्ते चालतात, पण एकात 'सर्व समतोल' म्हणजे तीन आणि दुसऱ्यात एक. प्रश्न काय विचारलाय? 'सर्व'! माझा संताप इथे आहे. आकडे हरवल्याचं मला एवढं दुःख नाही. समतोल किती आहेत हेसुद्धा कळू नये?

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट विल्सनने 1971 मध्ये दाखवलेलं आठवलं, की जवळजवळ सगळ्या खेळांत समतोलांची संख्या विषम असते. धावत जाऊन तो धागा पकडला. एक, विषम. तीन, विषम. धन्यवाद.

राग जरा उतरल्यावर मात्र एक गोष्ट नीट दिसली, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. आठही आकडे मला नकोच होते. पहिल्या तक्त्यात पहिल्याच्या L मधल्या दोन्ही आकड्यांत 1 मिळवा, R मधल्या दोन्हींतून 3 वजा करा. U आणि D मधला फरक दोन्हीकडे होता तेवढाच राहतो. समतोल जागचे हलत नाहीत, सरासरीसुद्धा 3/4 च राहते. असे तक्ते हवे तेवढे बनवता येतील, आणि समतोलापुरते ते सगळे सारखेच. खऱ्या कामाचे असतात चार बाण: प्रत्येक स्तंभात पहिला कुठल्या ओळीकडे झुकतो, आणि प्रत्येक ओळीवर दुसरा कुठल्या स्तंभाकडे.

तेही चार सुटे बाण नाहीत. दोघेही पर्याय मिसळून खेळतात हे माहीत असलं की प्रत्येकाचे दोन बाण एकमेकांच्या उलटेच असावे लागतात. पहिल्याला L मध्ये U आवडत असेल, तर R मध्ये D च आवडायला हवा, नाहीतर तो मिसळेल कशाला? (एखाद्याला सगळंच सारखं वाटत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसला प्रश्न परीक्षेला कोण घालतो.) म्हणजे पहिल्यासाठी दोन शक्यता, दुसऱ्यासाठी दोन, सगळ्या मिळून चार. दोन प्रकारांत एकमेकांशी जुळवून घेण्याचा खेळ, एकदा (U, L)-(D, R) या कर्णावर आणि एकदा (U, R)-(D, L) या कर्णावर. उरलेल्या दोन प्रकारांत गोल गोल पळापळ, एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलट.

म्हणजे त्या उत्तर लिहिणाऱ्याने '(U, L) हा शुद्ध समतोल आहे' एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर उरलेले दोन मी डोळे मिटून सांगितले असते. 'शुद्ध समतोल नाही' असं लिहिलं असतं, तरी काम झालं असतं. एक वाक्य! पण नाही, साहेबांनी वर्तुळं काढली. आणि तक्ता तरी चित्र करून का चिकटवायचा? वर मी दोनदा टाइप केलाय, तीन ओळी लागतात. अक्षरांत असता तर फाईल हलकी करणाऱ्याच्या बापालाही तो उडवता आला नसता.

शेवटी, निर्लज्जपणे, रात्री पावणेएकला त्या दादाला फोन केला ज्याने हा संच गेल्या वर्षी सोडवला होता. चांगला माणूस, चिडला नाही.

'तो होय? सोपा आहे गं तो. तक्ता बघितला की लगेच दिसतं.'

मी दात आवळून म्हटलं, 'दादा, तक्ताच नाहीये.'

'बरं बरं, थांब. वर्तुळं होती त्यात. दोन. समोरासमोर नाही, तिरकी.'

देव पावला! दोन वर्तुळं म्हणजे पळापळीचे दोन्ही प्रकार बाद, समतोल तीन. मी पेन उचललं. 'तिरकी म्हणजे कुठून कुठे? डावीकडे वर आणि उजवीकडे खाली, की उजवीकडे वर आणि डावीकडे खाली?'

पलीकडे बराच वेळ शांतता.

'ते आता नाही बाई आठवत. पण तुझ्याकडे आकृती असेल ना, तिच्यात बघ की.'